दर रविवारी त्याच वेळी वर्ग अडखळतो: तार, वाय-फायचा बँड आणि राउटरची जागा

मोडी लिपीचा साप्ताहिक ऑनलाइन वर्ग, रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा. शिकवणाऱ्या बाई नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतात, विद्यार्थी गावोगावचे. बाई कागदावर आधी शिरोरेषा ओढतात, मग वरून रोखलेल्या कॅमेऱ्याखाली अक्षरं लिहितात. पहिली पंधरा मिनिटं ठीक जातात आणि मग चित्र थिजतं. ते हलायला लागतं तेव्हा अक्षर लिहून झालेलं असतं. मोडीत हात शक्यतो न उचलता लिहितात, त्यामुळे लेखणी कुठून वळली हेच शिकायचं असतं, आणि नेमकं तेच निसटतं. वर्ग संपल्यावर स्पीड टेस्ट केली तर ती ९० एमबीपीएस दाखवते. इंटरनेटवाला म्हणतो, लाइन चांगली आहे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

या तक्रारीवर लोक सर्वात आधी मोठा प्लॅन घेतात, आणि बहुतेक वेळा तो खर्च वाया जातो. गटातल्या वर्गात स्पष्ट व्हिडिओ पाठवायला साधारण दोन-तीन एमबीपीएस अपलोड लागतं, त्याहून फारसं जास्त नाही. कमी पडतो तो वेग नसतो, सातत्य असतं. यूट्यूब पुढचे कित्येक सेकंद आधीच उतरवून ठेवतं, म्हणून मधे दोन सेकंद काही आलं नाही तरी पाहणाऱ्याला कळत नाही. वर्गात अशी शिल्लक नसते. आवाजाचा तुकडा क्षणभर उशिरा पोचला तर अॅप तो टाकून देतं, कारण पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. त्यामुळे ‘यूट्यूब तर मस्त चालतं’ हा वर्गाच्या बाबतीत पुरावा होत नाही, आणि वर्ग संपल्यावर केलेली स्पीड टेस्टही नाही.

आधी कोणाच्या बाजूचा दोष ते ठरवा

चित्र थिजलं की गटावर एकच प्रश्न विचारा: सगळ्यांचं थिजलं की एखाद्याचंच? एकाचंच थिजलं असेल तर दोष त्या विद्यार्थ्याच्या घरी आहे आणि खालचं सगळं त्यानं त्याच्या घरी करायचं. सगळ्यांचं एकदम थिजत असेल तर बाईंच्या घराकडे वळा. झूमवर वर्ग असेल तर `Settings` मधल्या `Statistics` मध्ये `Latency`, `Jitter` आणि `Packet loss` वर्ग चालू असतानाच दिसतात. जिटर म्हणजे तुकड्यांच्या पोचण्यातला कमीजास्तपणा. तो ४० मिलिसेकंदांच्या वर जाऊ लागला किंवा तुकड्यांची गळती २ टक्क्यांच्या पुढे गेली, की आवाज तुटणारच.

त्यानंतरची पायरी या सगळ्यात सर्वात मोलाची आहे, आणि ती वर्गाच्या वेळीच करावी लागते. मंगळवारी दुपारी सगळं शांत असतं, तेव्हाची मोजणी काही सांगत नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर दोन कमांड खिडक्या उघडा. `ipconfig` लिहून `Default Gateway` समोरचा आकडा पाहा, तो तुमच्या राउटरचा पत्ता. तो 192.168.1.1 आहे असं धरू.

```
ping -n 300 192.168.1.1
ping -n 300 8.8.8.8
```

पहिली खिडकी लॅपटॉप ते राउटर एवढंच मोजते, म्हणजे घरातली हवा किंवा तार. दुसरी घराबाहेर गूगलच्या सर्व्हरपर्यंतची वाट धरून सगळं मोजते. दोन्ही साधारण पाच मिनिटं चालतात. शेवटी येणाऱ्या ओळींत `Average` कडे पाहू नका, सरासरी फसवते. `Lost` आणि `Maximum` पाहा.

बाईंच्या मागच्या खोलीतल्या लॅपटॉपवर राउटरपर्यंतच्या पिंगचा निकाल असा आला असं समजा:

```
Sent = 300, Received = 294, Lost = 6 (2% loss)
Minimum = 2ms, Maximum = 640ms, Average = 21ms
```

सरासरी २१ मिलिसेकंद, म्हणजे वरवर काहीच बिघडलेलं नाही. पण त्याच घरातल्या, अकरा मीटरवरच्या डब्यापर्यंत जायला एका तुकड्याला ६४० मिलिसेकंद लागले आणि सहा तुकडे पोचलेच नाहीत. इंटरनेट अजून सुरूही झालेलं नाही. दोष घरातल्या हवेत आहे, आणि प्लॅन ३०० एमबीपीएसचा केला तरी तो तिथेच राहील.

पहिली खिडकी अखंड एक-दोन मिलिसेकंद दाखवत असेल आणि दुसरीच उड्या मारत असेल, तर दोष घराबाहेर आहे किंवा अपलोडची वाट घरातूनच तुंबली आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

हवेत नेमकं काय होतं

वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीचे थांबतात, ऐकतात, संधी मिळाली की आपला तुकडा सोडतात. यात तुमच्या घरातले फोन आणि टीव्ही आले, आणि त्याच चॅनेलवरचे शेजारीही आले. रविवारी सकाळी दहाला सगळे घरी असतात, म्हणून दुखणं रविवारी दहाचं. शिवाय दूरच्या उपकरणाला सिग्नल कमी मिळाला की ते सावकाश बोलतं, म्हणजे तेवढाच मजकूर पाठवायला हवा जास्त वेळ अडवून ठेवतं. मागच्या खोलीतला लॅपटॉप अशा रीतीनं स्वतःचंच नाही, पुढच्या खोलीतल्या फोनचंही नुकसान करतो.

२.४ गीगाहर्ट्झचा बँड लांब जातो आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दाट वस्तीत ती कायम भरलेली असतात. ब्लूटूथचे हेडफोन याच बँडवर चालतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही याच पट्ट्यात येते. ५ गीगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, शेजाऱ्याचं कमी ऐकू येतं, पण भिंत मधे आली की तो लवकर थकतो. नागपूरच्या जुन्या बंगल्यांतल्या नऊ इंची विटांच्या दोन भिंती ओलांडून तो वर्ग चालवण्याजोगा राहील असं धरून चालू नका. सळ्या भरलेला स्लॅब तर त्याहून वाईट.

दोन्ही बँड एकाच नावानं चालू असतील तर लॅपटॉप स्वतःच निवड करतो आणि वर्गाच्या मधेच बँड बदलतो. त्या बदलात काही सेकंद जातात. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये `Smart Connect` किंवा `Band Steering` बंद करा आणि दोन वेगळी नावं द्या, उदाहरणार्थ `Ghar-2G` आणि `Ghar-5G`. वर्गाच्या लॅपटॉपवर नको असलेलं नाव `Forget` करा, नाहीतर तो संधी मिळताच तिकडे उडी मारेल. सध्या कुठे जोडलेले आहात ते असं कळतं:

```
netsh wlan show interfaces
```

यात `Channel` १ ते १३ असेल तर तुम्ही २.४ वर आहात, ३६ किंवा त्याहून मोठा असेल तर ५ वर. `Signal` टक्क्यांत येतो. वर्गासाठी तो ६५ टक्क्यांच्या वर हवा, म्हणजे साधारण उणे ६७ डीबीएम. फोनवरची वाय-फाय अॅनालायझर अॅप डीबीएममध्येच आकडा देतात, तिथे उणे ६७ पेक्षा उणे ५५ चांगला हे ध्यानात असू द्या.

५ गीगाहर्ट्झवर चॅनेल हातानं निवडायचं तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं घ्या. मधल्या चॅनेलांवर अनेक राउटर रडारचा संशय आला की चॅनेल सोडून देतात आणि नव्या जागी पुन्हा उभे राहीपर्यंत मिनिटभर ५ गीगाहर्ट्झ गायब होऊ शकतं. ‘महिन्यातून एखाद्या वेळी, काही कारण नसताना, मिनिटभर’ अशी तक्रार असेल तर हे आधी तपासा. २.४ वापरावंच लागत असेल तर `Channel Width` २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केलं की स्पीड टेस्ट सुधारलेली दिसते, पण गर्दीशी टक्कर दुप्पट होते.

राउटरची जागा

बाईंच्या घरी फायबर पोर्चमधून येतं आणि ते ज्यात शिरतं तो राउटरचा पांढरा डबा हॉलमध्ये टीव्हीच्या मागे भिंतीवर बसवलेला आहे. टीव्हीचा मागचा धातूचा पत्रा, मग भिंत, मग स्वयंपाकघरातला फ्रिज, मग दुसरी भिंत, त्या भिंतीला लागून लोखंडी कपाट, आणि मग लॅपटॉप. नागपुरात यात आणखी एक भर पडते, ती मार्च ते जूनमध्ये. खिडकीत बसवलेल्या डेझर्ट कूलरचं अंग पत्र्याचं असतं आणि टाकीत पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी आणि भिजलेल्या ताट्या शोषतात. खिडकीच्या बाजूनं येणारा सिग्नल कूलर बसला की पडतो. ‘हिवाळ्यात वर्ग छान चालायचा’ असं कोणी सांगितलं तर कूलर कुठे आहे ते विचारा.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम खुद्द डब्यावर होतो. बहुतेक घरगुती राउटर ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना माळ्यावर, स्लॅबच्या जवळ किंवा इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवलेला राउटर त्या मर्यादेच्या वर जातो आणि मग अडखळतो किंवा स्वतःच बंद होऊन सुरू होतो. जागा बदलताना उंची साधारण पाच ते सहा फूट ठेवा, चारी बाजूंनी हवा लागू द्या, आणि टीव्ही, कपाट, आरसा, मत्स्यपेटी यांच्या मागे तो कधीच नको.

फायबरचा डबा मात्र स्वतः उचलून दुसरीकडे नेऊ नका. ती तार काचेची आहे, तीन सेंटिमीटरपेक्षा घट्ट वळण दिलं तर प्रकाश गळतो, आणि टोकाच्या हिरव्या जोडणीवर धूळ बसली तरी लाइन कमकुवत होते. जागा बदलायची असेल तर केबलवाल्याला बोलवा. बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही, कारण डबा तिथेच ठेवून पुढे तांब्याची तार नेता येते.

तार

माझं मत स्पष्ट आहे. शिकवणाऱ्याच्या लॅपटॉपला तार लावा. एकाच यंत्राला लावली तरी पुरे, विद्यार्थी वाय-फायवर राहिले तरी चालतात, कारण त्यांच्यापैकी एकाचं तुटलं तर एकाचाच तोटा होतो. बाईंचं तुटलं तर सगळ्यांचा.

हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत सरळ अंतर अकरा मीटर आहे, पण तार भिंतीच्या कडेनं, दरवाजाच्या चौकटीला वळसा घालून जाते, तेव्हा अठरा मीटर होते. दोन्ही टोकांना एकेक मीटर सैल धरून वीस मीटर घ्या. इथरनेटची मर्यादा १०० मीटर आहे, त्यामुळे घरात लांबीची चिंता नाही. कॅट-सिक्स मागा, कॅट-फाइव्ह-ई मिळाली तरी या कामाला पुरते. सीताबर्डीच्या दुकानात विचारताना ‘पूर्ण तांब्याची’ असं स्पष्ट म्हणा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण वाकवताना आतून तुटते आणि जोडणीत सैल होते, आणि मग दोन महिन्यांनी पुन्हा तीच अडखळ सुरू होते. दोन्ही टोकांना कारखान्यातच प्लग बसवलेली तयार तार मिळाली तर ती घ्या. भिंतीच्या भोकातून न्यायची असेल तर मात्र प्लग जागेवर बसवावे लागतात. तेव्हा दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरव्या जोडीच्या मधोमध बसते, आणि इथेच सर्वात जास्त चुका होतात. रंग ओळीनं लावले तर थोड्या अंतरावर कधी चालतं, कधी नाही, आणि दोष शोधणं कठीण होऊन बसतं.

विजेच्या तारांच्या पाइपातून ही तार नेऊ नका. त्यात व्यत्यय येतो हे एक, पण खरा धोका जिवाचा आहे: २३० व्होल्टच्या तारेचं आवरण कधी घासलं गेलं तर वीज थेट लॅपटॉपपर्यंत पोचते. गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून न्यायची वेळ आली तर उन्हात टिकणारी, काळ्या आवरणाची बाहेरची तार घ्या. जूनच्या गडगडाटात अशी तार दोन्ही बाजूंनी काढून ठेवलेली बरी.

लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबी ३.० चा इथरनेट अॅडॅप्टर घ्या. वर्ग फोनवरून घेत असाल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर टाइप-सीचा इथरनेट अॅडॅप्टरही चालतो. जोडल्यावर वाय-फाय हातानं बंद करा, म्हणजे रहदारी तारेतूनच जाते याबद्दल शंका उरत नाही. मग विंडोजच्या `Settings` मध्ये `Network & internet`, `Ethernet` इथे `Link speed` पाहा. `1000/1000` असेल तर चारही जोड्या नीट बसल्या आहेत. `100/100` दिसलं तर एखादी जोडी सुटली आहे किंवा डब्याचं ते पोर्टच १०० चं आहे. वर्गाला तेही भरपूर होतं, घाबरू नका. `10` दिसलं किंवा आकडा मधेच बदलू लागला तर प्लग पुन्हा बसवा.

आता त्याच रविवारच्या वेळी पुन्हा पिंग करा. तारेवर राउटरपर्यंतचा निकाल तीनशेपैकी तीनशे, आणि कमाल फार तर दोन-चार मिलिसेकंद असायला हवी. एवढं आलं नाही तर तार, प्लग किंवा पोर्ट यांत दोष आहे, आणि तिन्ही एकेक करून बदलून पाहता येतात.

तार शेवटपर्यंत नेता येत नसेल तर

भाड्याचं घर, लॅपटॉप हातात धरून फिरायची गरज, अशी कारणं असतात. अशा वेळी तार मागच्या खोलीच्या दाराजवळपर्यंत आणा आणि तिथे दुसरा राउटर लावा. जुना पडून असलेलाही चालेल, ५ गीगाहर्ट्झचा असला म्हणजे झालं. मग लॅपटॉप आणि राउटर एकाच खोलीत येतात, मधे भिंत राहत नाही, आणि ५ गीगाहर्ट्झवरचा पिंग बहुतेक वेळ दोन ते दहा मिलिसेकंदांत राहतो.

या दुसऱ्या राउटरला `Access Point` मोड असेल तर तो निवडा, बाकी तो स्वतः सांभाळतो. नसेल तर आधी लॅपटॉप त्याला जोडून त्याचा पत्ता 192.168.1.2 करा, `DHCP Server` बंद करा, आणि हॉलमधून आलेली तार त्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये नाही. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि एखादं उपकरण अधूनमधून नेट हरवून बसतं. हा दोष वाय-फायच्या दोषासारखाच दिसतो, म्हणून लोक चुकीच्या जागी शोधत राहतात.

बिनतारी रिपीटरचा सल्ला सरसकट मिळतो, पण वर्गासाठी तो शेवटचा पर्याय ठेवा. साधा रिपीटर तोच तुकडा त्याच चॅनेलवर दोनदा बोलतो, म्हणजे हवा अर्धी उरते आणि उशीर वाढतो. लावायचाच तर राउटर आणि खोली यांच्या मधोमध लावा. ज्या खोलीत सिग्नल मरतो तिथे लावलेला रिपीटर मेलेला सिग्नलच पुढे पाठवतो.

तार लावूनही अडखळलं तर

पहिली पिंग खिडकी स्वच्छ आणि दुसरी बिघडलेली, हे चित्र असेल तर सर्वात आधी घरातलं अपलोड तपासा. फोन चार्जिंगला लावून वाय-फायवर ठेवला की फोटोंचा बॅकअप सुरू होतो. शनिवारच्या लग्नाचे व्हिडिओ रविवारी सकाळी वर चढतात. सीसीटीव्ही कॅमेरा क्लाउडवर चित्र पाठवत असेल तर तोही भर घालतो. अपलोड भरलं की बाईंचा व्हिडिओ राउटरच्या रांगेत मागे उभा राहतो, आणि तार कितीही चांगली असली तरी रांग पुढे सरकत नाही. ओळखायला सोपं आहे: 8.8.8.8 चा पिंग चालू ठेवून घरातल्या एकेका फोनचं वाय-फाय बंद करा. आकडा शेकड्यांतून एकदम वीस-तीसवर उतरला की कारण सापडलं. वर्गाच्या दीड तासापुरता तो बॅकअप थांबवा, किंवा राउटरमध्ये `QoS` असेल तर वर्गाच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या.

सगळे फोन बंद करूनही दुसरी खिडकी उड्या मारत राहिली, तर आता केबलवाल्याकडे जायचं. दोन्ही पिंगांचे शेवटचे आकडे, तारीख आणि वेळ यांचा फोटो त्याला दाखवा. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं तर तो स्पीड टेस्ट करून जातो, पण ‘राउटरपर्यंत तारेवर शून्य गळती, बाहेर चार टक्के’ असं दाखवलं तर त्याला फायबर तपासावं लागतं. डब्यावर `LOS` चा लाल दिवा कधी लागतो का तेही पाहून ठेवा, तो लागला म्हणजे प्रकाशच येत नाही.

बदल मात्र एका रविवारी एकच करा. जागा, बँड आणि तार एकदम बदलली तर वर्ग सुधारेल, पण पुढच्या मेमध्ये कूलर बसला आणि पुन्हा बिघडला, तर कशामुळे सुधारलं होतं ते कोणालाच सांगता येणार नाही.